कोरडा समुद्र

घड्याळं नव्हती त्या काळी जपानातल्या एका चहाघरापाशी एक लाकडी दाताळं होतं. सकाळभर उलटं सरकत, स्वतःची एकही खूण मागे न ठेवता, त्यानं पांढऱ्या खडीत रेघा ओढल्या, दगडांभोवती गोल गोल. पाहुणे येणारच होते, इतक्यात ताम्मा मांजर टपकली.

"सरक रे, इथून सरळ जाते मी!"

"अगं बाई, थांब! सगळं पुसशील!"

"पुसायला आहे काय? नुसती रिकामी जागा!"

"मुद्दाम ठेवलीये रिकामी! पाणी भरलं असतं, तर फक्त डबकं झालं असतं. बसून बघ तर!"

तोंड वाकडं करत ताम्मा ओसरीवर बसली. बघता बघता दगडांची बेटं झाली, रेघांच्या लाटा. तिनं खडीवर पंजा टेकवायला पुढे केला, झटकन मागे घेतला आणि लांबच्या पायवाटेनं निघाली.

"काय गं, काय झालं?" दाताळ्यानं विचारलं.

"पाय ओले झाले असते ना!"