तरंगलेलं वाडगं

फार फार जुनी गोष्ट. माणसांपेक्षा तळ्याचा शब्द मोठा मानला जायचा, तेव्हाची.

डोंगराआड एक गाव होतं. तिथे नवरा-बायकोचं पटेनासं झालं की दोघांच्या नावाने मातीचं एक वाडगं तळ्यात सोडत. बुडालं, तर दोघं मोकळे. तरंगलं, तर पुन्हा जन्मात तक्रार करायची नाही.

त्या गावात टोपल्या विणणारी एक तरुण बाई होती. तिला एक लहानगी मुलगी होती, आणि नवरा होता. म्हणजे जेवायच्या वेळेला असायचा. मुलगी तापाने फणफणली, तेव्हा तो कुस्त्या बघायला गेला होता. ती बोलू लागली की तो आढ्याकडे बघायचा. भांडण मात्र कधी नाही. त्यामुळे तिला वाटे, आपलंच काहीतरी चुकत असेल. विचार करकरून तिने आपल्याच चुका इतक्या शोधल्या, की शेवटी त्यांचाही कंटाळा आला.

मग ती वाडगं सोडायचं ठरवून तळ्यावर गेली. पायरीवर एक म्हातारं कासव ऊन खात बसलं होतं.

“वाडग्याला काय विचारतेस?” कासव म्हणालं. “बुडालेली सगळी माझ्या घरात पडलीत. एकजात कच्ची भाजलेली. संसाराचा काही संबंध नाही.”

“मग कुणाला विचारू, कासवआजोबा?”

“स्वतःला. पण खरं सांगायचं. त्याची भीती वाटते? हात उगारतो?”

“नाही.”

“उगारत असता, तर पुढचं काही विचारलंच नसतं. मुलीला घेऊन नीघ म्हणालो असतो. बरं, तुला काय हवंय ते त्याला सांगितलंस?”

“एवढंही कळू नये का माणसाला?”

“म्हणजे नाही सांगितलंस.”

तिने टोमणे पुष्कळ मारले होते. भांडी आपटली होती. सांगितलं मात्र नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला समोर बसवलं. “रोज संध्याकाळी लेकीला तुम्ही भरवायचं. ती आजारी पडली तर घरी थांबायचं. मी बोलेन तेव्हा माझ्याकडे बघायचं. आणि माझं तुम्हाला काय खुपतं, तेही सांगा.”

“तुझं काही खुपत नाही,” तो म्हणाला. “बरं, करू.”

त्याने दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी तो पारावर होता. तिने आठवण केली, चिडून नाही, नीट. तो पुन्हा “बरं” म्हणाला. असा सगळा पावसाळा गेला. शेवटी तिने विचारलं, “तुम्हाला जमत नाही, की करायचं नाही?”

तो हसला. “तू निभावून नेतेसच की! मग मी कशाला बदलू?”

ती पुन्हा तळ्यावर गेली.

“तो असाच राहिला शेवटपर्यंत, तर चालेल?” कासवाने विचारलं.

“नाही.”

“उद्या बदलला, तर आनंद होईल?”

“पावसाळ्याआधी झाला असता.”

“मग थांबलीस कशासाठी?”

“लोक काय म्हणतील? आणि लेक...”

“लेकीला असंच घर मिळालं, तर चालेल तुला?”

या प्रश्नावर तिला विचार करावा लागला नाही.

तोवर ती घर सोडणार अशी बातमी गावात पसरली होती. पाटलांनी स्वतः वाडगं सोडलं, आणि सगळ्या गावासमोर ते बदकासारखं डौलात तरंगलं.

“तरंगलं!” पाटील म्हणाले. “जा पोरी, घरी जा.”

ती गुडघाभर पाण्यात शिरली आणि वाडगं उचलून बाहेर आली.

“छान भाजलंय. कुंभारकाकांना सांगा. पण माझ्या घरात हे राहत नव्हतं, पाटीलबाबा, मी राहत होते. मी मागितलं, वाट पाहिली, पुन्हा मागितलं. संसार ओढायला दोघं लागतात. मी निघाले.”

“रीत मोडतेस?”

“रीतीने मला एक तरी प्रश्न विचारला का?”

नवरा आढ्याकडे बघायला गेला. तिथे आभाळ होतं.

ती लेकीला घेऊन गावाच्या टोकाला राहिली. पहिले दिवस कठीण गेले. कधीकधी तिला वाटे, घाई तर केली नाही ना? मग ती तेच प्रश्न स्वतःला पुन्हा विचारी, आणि उत्तरं तीच येत. त्या वाडग्यात ती दही लावू लागली. चांगलं घट्ट लागे.

काही दिवसांनी शेजारीण रडत आली. “माझंही संपलं गं!”

“सांगितलंस त्याला, काय हवं ते?”

शेजारणीने घरी जाऊन सांगितलं. तिच्या नवऱ्याने दुसऱ्या दिवशी भाकरी थापली. करपली. तिसऱ्या दिवशीही करपली. तरी तो चौथ्या दिवशी चुलीपाशी होता, आणि विचारत होता, “आज पीठ सैल झालं का गं?” शेजारीण हसत सुटली. त्यांचं काही संपलेलं नव्हतं.

हळूहळू तळ्यात वाडगी सोडणं बंद पडलं. कासवाच्या घरात जागा झाली.

तात्पर्य : स्पष्ट मागितल्यावर ज्याला दोघं हात लावतात ते नातं दुरुस्त होतं, एकटीनेच ओढावं लागतं ते सोडण्यात लाज नाही.