सातवं कडवं

"यात मी कुठे आहे?" आबांनी विचारलं.

हेरंबने कागद खाली घेतला. कविता वाचून संपली होती, बारा कडवी. इतक्या वेळात आबांच्या मिशीचा केससुद्धा हलला नव्हता.

"सगळीकडे तुम्हीच तर आहात, आबा."

"पहिलं कडवं पुन्हा वाच."

हेरंबने दात आवळले. राज्यभरच्या हास्यकविसंमेलनांत ज्याच्या नावाला टाळ्या पडतात, त्याला या म्हाताऱ्याने व्यायामशाळेच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसवलं होतं. का, तर उद्या आबांची साठी. गावाने हेरंबला विनोदी कविता वाचायला बोलावलं होतं आणि आबांनी निरोप धाडला होता : आधी मला दाखव. या आखाड्याचा नियमच तसा. नवी उडी लोकांसमोर मारायची, तर आदल्या दिवशी ती वस्तादांना दाखवायची. चाळीस वर्षं आबांनी इथे पोरांना मल्लखांब शिकवला, आणि त्या चाळीस वर्षांत हा नियम कुणाला चुकला नाही.

त्याने वाचलं.

"गुरू आमचे थोर हो,
खांबावरी जीव जडे;
शिस्त त्यांची कडक हो,
हाताखाली शिष्य घडे."

"आता खांबाच्या जागी पेटी घाल."

"काय?"

"पेटीवरी जीव जडे. गाण्याच्या मास्तरालाही बसतं?"

बसत होतं. आठाला आठ अक्षरं.

भिंतीला टेकून आबांच्या पत्नी, काकू, उद्याच्या औक्षणासाठी साठ वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "चुलीवरी जीव जडे," त्या म्हणाल्या. "म्हणजे उद्याच्या आचाऱ्याच्या सत्काराला पण चालेल. पैसे वाचतील."

आबा हसले नाहीत. हेरंबच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

"आबा, मी हे वीस वर्षं करतोय. विनोदी कविता कशी उभी राहते ते मला ठाऊक आहे. अक्षरं मोजून घ्यावी लागतात, नाहीतर वाचताना ठेच लागते. यमक असं धरावं लागतं की समोरच्याला ते आधीच ओळखता येईल, आणि शब्द उच्चारण्याआधी पळभर थांबावं लागतं, म्हणजे माणसं तो आपल्याच तोंडाने म्हणतात आणि स्वतःवरच खूश होऊन हसतात. हशा पूर्ण विझायच्या आत पुढची ओळ उचलावी लागते. आणि वाचणाऱ्याने स्वतः हसायचं नसतं. हे सगळं यात आहे!"

"आहे," आबा म्हणाले. "पकडीसाठी हाताला राळ छान चोळलीस. खांबाला हात लावला नाहीस."

"म्हणजे?"

"गाव मला चाळीस वर्षं बघतंय. मी दिवसातून शंभरदा काय म्हणतो?"

हेरंबला ते माहीत होतं. गावातल्या कुत्र्यालाही माहीत होतं. पडलेल्या पोराला, नापास झालेल्याला, बायको माहेरी गेलेल्याला, सगळ्यांना आबांचे शब्द दोनच : पुन्हा वर.

"ते यात का नाही?"

"...सुचलं नाही."

आबांनी हात पुढे केला. हेरंबने नाइलाजाने कागद दिला. आबांनी तो डोळ्यांपासून लांब धरला आणि कडव्यांच्या आकड्यांवरून बोट खाली नेलं.

"पाच. सहा. आठ." बोट थांबलं. "सातवं कुठे आहे?"

वाती वळणारे काकूंचे हात थांबले.

"आकडा चुकला असेल."

"तेरावा आकडा आहे आणि कडवी बारा. सातवं कुठे आहे, हेरंब?"

"ते विनोदी नव्हतं. काढून टाकलं."

"वाच."

"नाही वाचणार!" हेरंब ताडकन उठला. इतकी वर्षं दाबून ठेवलेला आवाज एकदम फुटला, तसा तो त्याचा त्यालाच परका वाटला. "कशाला वाचू? दसऱ्याचं प्रदर्शन आठवतंय का? मी तेरा वर्षांचा होतो. जिल्ह्याचे पाहुणे यायचे म्हणून खांब चकचकीत दिसायला हवा होता तुम्हाला. सकाळी एकदा तेल लावलेलं असताना तुम्ही स्वतः दुसऱ्यांदा एरंडेल चोळलंत. मी पाहिलं होतं! मी घसरलो. आणि तुम्ही साऱ्या गावादेखत माझ्या थोबाडीत मारलीत. म्हणालात, राळ लावली नाहीस. मी लावली होती, आबा! दोन्ही हातांना लावली होती!"

आबा ऐकत होते.

"माझे बाबा पहिल्या रांगेत बसले होते. घरी गेल्यावर म्हणाले, गुरूंनी मारलं म्हणजे तुझंच चुकलं असणार. ते जाईपर्यंत त्यांचं मत तेच राहिलं. आता त्यांना कुठे जाऊन सांगू मी?"

खांबाच्या टोकावर एक चिमणी येऊन बसली आणि उडून गेली.

"हे गद्य झालं," आबा म्हणाले. "अष्टाक्षरीत काय होतं?"

हेरंबला वाटलं, हा माणूस दगडाचा आहे. याला हार घालायला मी इतक्या लांबून आलो? संताप असा चढला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आलं म्हणून तो आणखी चिडला.

"उद्या वाचतो!" तो ओरडला. "सगळ्यांपुढे, तुमच्या तोंडावर वाचतो. मग समजेल!"

"वाच. पण खालच्या पट्टीत वाच. चिडून वाचलंस तर भांडण होईल, रडून वाचलंस तर कीर्तन होईल. लोक भांडणालाही जमतात आणि कीर्तनालाही, पण हसत नाहीत."

"मला हसवायचं नाहीच!"

"मग विनोदी कविता कशाला घेतलीस?"

हेरंबने कागदासाठी हात पुढे केला.

"पहिली सहा फेकून दे. नवी लिही. आधी मला चढव... माणूस जमिनीवरच असेल तर त्याला पाडणार कुठून? आणि सातवं सातवंच ठेव. शेवटी टाकलंस तर वाया जाईल, तोवर लोकांनी टाळ्यांसाठी हात सरसावलेले असतात. जेवणाआधी वाच. पोट भरल्यावर माणसं हसत नाहीत, ढेकर देतात." आबांनी कागद परत केला. "जा."

हेरंब पाया न पडताच निघाला. फाटकापाशी काकूंनी त्याला गाठलं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त त्याच्या हातात बेसनाचा लाडू ठेवला. तोही त्याने रागातच खाल्ला.

नदीच्या घाटावर बसून त्याने संध्याकाळपर्यंत सहा कडवी नव्याने लिहिली. गंमत अशी की, रागात ती भराभर आली. आबांना ओरबाडायचं म्हणून तो आबांकडे बघू लागला, आणि बघू लागल्यावर ते दिसायला लागले. हरवलेली शिट्टी, एका पायात उलटा मोजा, फटफटीला किक मारण्याआधी तिला घातलेला नमस्कार. आधीच्या बारा कडव्यांत यातलं एकही नव्हतं. सातवं मात्र त्याने बदललं नाही. ते फार जुनं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आखाड्यातला मांडव भरला. साठ दिव्यांच्या तबकाने औक्षण झालं. तबक इतकं जड होतं की ते धरायला तिघी लागल्या. आबा हार घालून खुर्चीत बसले, अवघडलेले, कुणी तरी उलटं टांगल्यासारखे. मागे आचारी पुऱ्यांचं पीठ मळत होता. हेरंब उभा राहिला आणि एकदाही न हसता वाचू लागला.

"शिट्टी गळ्यात लोंबते,
शोधतात घरभर;
माळ्यावरून ये काकू,
आबा म्हणे..."

तो थांबला.

"पुन्हा वर!" अख्खा मांडव ओरडला. काकूंनी पदर तोंडाला लावला. हशा उतरणीला लागताच त्याने पुढचं उचललं. आबांचा जुना शिष्य मदन सावकाश खाली सरकून बसू लागला, कारण आपली पाळी आली हे त्याने ओळखलं होतं.

"लग्नात वाकला मद्या,
पायी डोके क्षणभर;
'पाठ वाकडी रे तुझी!
ऊठ गध्या...'"

"पुन्हा वर!"

सहाव्या कडव्यापर्यंत लोक डोळे पुसत होते. आबा चांगले उंच चढले होते. हेरंबने पान उलटलं. त्याला ओरडावंसं वाटलं. पण त्याने खालची पट्टी धरली, आबांनी सांगितली होती तीच, आणि त्याचाही त्याला राग आला.

"राळ होती तळहाती,
तेल होते खांबावर;
एक बसली या गाली,
आबा म्हणे..."

तो थांबला. मांडव ओरडला नाही. त्या दसऱ्याला तिथे असलेले पुष्कळ जण आजही तिथे होते. कुणी आबांकडे पाहिलं, कुणी खाली. पुऱ्यांचं पीठ मळणाऱ्या हाताचा आवाज तेवढा येत राहिला.

आबा खुर्चीतून उठले. गळ्यातला हार काढून त्यांनी खुर्चीवर ठेवला, चालत खांबापाशी गेले आणि त्यावरून तळहात फिरवला. तेलकट तळहात त्यांनी सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"तिसरी ओळ चुकली," ते म्हणाले. "एक नाही, दोन. दोन बसल्या या गाली. म्हणून बघ, अक्षरं तेवढीच आहेत."

मदनला आधी हसू फुटलं. मग पहिली रांग, मग सगळा मांडव, शेवटच्या सतरंजीपर्यंत. हेरंबच्या उभ्या आयुष्यात त्याच्या कवितेला एवढा हशा मिळाला नव्हता, आणि तो त्याचा नव्हता.

"एकच होती!" तो संतापाने म्हणाला. "मला आठवतंय. एक मारलीत. मी पळत घरी गेलो."

"पळाला नाहीस. मी पुन्हा वर म्हटलं, तू पुन्हा चढलास. तेल तेच होतं... पुन्हा घसरलास."

हशा विझत गेला.

"मी एकच धरून बसलोय, पंचवीस वर्षं..."

आबांनी तेलाचा हात स्वतःच्याच गालावर टेकवला.

"दुसरी तू विसरलास," ते म्हणाले. "मी नाही."