सरकार गिऱ्हाईक होतात

मंगळवार होता. सतराचा पाढा अर्ध्यावर आला होता, फळ्याखाली मांजर झोपलं होतं, आणि तेवढ्यात राजवाड्यावरचा हुजऱ्या निरोप घेऊन दारात उभा राहिला.

"मास्तर, शनिवारी सरकार तुमच्या नाटुकल्याला येणार! बघायला नव्हे, काम करायला! गिऱ्हाईक ते स्वतः होणार. त्यांच्या मनात काय आहे ते तुमच्या दुकानदारानं ओळखायचं. नाही ओळखलं, तर सोमवारपासून मुलींची शाळा बंद!"

श्रीपतमास्तरांच्या हातातला खडू खाली पडला. धारणगावचे राजेसाहेब हट्टी होते. पोरी नुसतं घोकतात, त्यांना डोकं कुठलं, असं त्यांचं ठाम मत होतं.

नाटुकलं जेमतेम बारा वाक्यांचं. गोंधळलेलं गिऱ्हाईक दुकानात येतं, दुकानदार 'या, बसा' म्हणतो, विचारपूस करतो आणि हवी ती वस्तू काढून देतो. लिहिलं होतं मास्तरांच्या बायकोनं, उमाबाईंनी. शाळाही त्यांनीच काढलेली. त्या गेल्याला वर्ष होत आलं होतं. ती वही मास्तर कुणाच्या हातात देत नसत, स्वतःच वाचून दाखवत.

दुकानदार होती बकुळा, कासाराची मुलगी. तिनं विचारलं, "मास्तर, एवढं काय झालं? आमच्या दुकानात असं गिऱ्हाईक रोज येतं."

"अगं, सरकार वहीतलं बोलणार नाहीत!"

"मग मी तरी कशाला बोलू? फक्त उमाबाईंनी सांगितलेलं विसरणार नाही. तोंड लोकांकडे, आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत!"

शनिवारी पटांगण भरलं. दोन बाकं जोडून दुकान झालं, पुठ्ठ्याची तागडी टांगली, चादरीचा पडदा सरकला. मास्तर वही घेऊन पडद्याआड उभे राहिले, कुणी अडलं तर हळूच शब्द पुरवायला. पुढच्या खुर्चीत दिवाणसाहेब कागद-दौत घेऊन बसले.

राजेसाहेब डोक्यावर साधं मुंडासं बांधून आले आणि मधोमध उभे राहिले.

"या, या! बसा. उन्हातून आलात, आधी पाणी घ्या," बकुळा म्हणाली.

"मला एक गोष्ट हवी आहे. कोणती, ते आठवत नाही!" राजेसाहेबांनी बसून मिशीला पीळ भरला.

पडद्याआडून मास्तर कुजबुजले, "काय पाहिजे, विचार!"

बकुळेनं ऐकलंच नाही. आठवतच नाही म्हणणाऱ्याला काय पाहिजे विचारलं, की तो आणखी गोंधळतो, हे तिच्या वडिलांनी, आण्णांनी, तिला केव्हाच सांगितलं होतं.

"नसू दे आठवत. घरून निघालात तेव्हा घरात काय चाललं होतं?"

"काहीही नाही."

"बाईसाहेबांनी पाठवलं, का आपल्या मनानं आलात?"

"आपल्या मनानं."

"म्हणजे बाईसाहेबांसाठी नाही. निम्मं दुकान बाजूला झालं!"

लोक हसले. हसू ओसरेपर्यंत बकुळा थांबली. वहीच्या समासात उमाबाईंनी तसंच लिहून ठेवलं होतं. मग तिनं दोनच वस्तू पुढे मांडल्या, गूळ आणि सुतळी. फार मांडलं तर गिऱ्हाईक बावचळतं.

"खायचं, का वापरायचं?"

"दोन्ही नको."

"कंगवा, का कुलूप?"

"नको!"

"बरं. आता हे बघा..." तिनं डब्यात हात घातला.

"नको!"

बकुळेचा हात डब्यातच राहिला. "सरकार, अजून मी काही काढलंच नाही!"

पटांगणात खसखस पिकली. राजेसाहेब जरा सावरून बसले.

"खरं गोंधळलेलं गिऱ्हाईक आधी वस्तूकडे बघतं, मग मान हलवतं. तुमची मान आधीच हलते. ओळखलं! तुम्हाला या दुकानातली एकही वस्तू नको."

"मग काय हवंय मला?"

"ते मी म्हणायचं नाही. गल्ल्यावर बसलेल्यानं तो शब्द तोंडातून काढायचा नसतो."

"मी काढतो! दुकान बंद व्हायला हवंय मला! बंद!"

"अगं बाई!" बकुळेनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "भरल्या दुकानात असं अभद्र? कासार बांगडी फुटली म्हणत नाही, आणि दुकान कधी बंद होत नाही. चांगलं गिऱ्हाईक काय म्हणतं, सरकार?"

"बंद कर नव्हे, दुकान वाढव म्हणतं," राजेसाहेब पुटपुटले.

"शेवटच्या रांगेला ऐकू नाही आलं!"

"नाही आलं!" शेवटची रांग ओरडली.

राजेसाहेब ताडकन उठले. "वाढव! एकदा नाही, शंभरदा सांगतो, वाढव!"

"दिवाणसाहेब, लिहून घ्या!" बकुळेनं दोन्ही हात पसरले. "बाकं शाळेची, तागडी शाळेची, दुकानदारही शाळेची. हे सगळं वाढवा, असा सरकारांचा हुकूम झाला! सोमवारपासून कुठल्या बाजूला वाढवायची, तेवढं सांगा!"

दिवाणसाहेबांनी दौतीत टाक बुडवला. मग राजेसाहेबांच्या मिशा थरथरल्या, आणि ते असे खदखदून हसले की मुंडासं सुटून गळ्यात आलं.

"मागच्या बाजूला वाढवा, दिवाणजी! दोन खोल्या! आणि या कासारणीला खरीखुरी पितळी तागडी द्या. आमचं माप हिनं बरोबर काढलं!"

एकच गलका झाला. पोरी बाकांवर चढल्या, कुणी तरी चादर ओढली, गुळाला मुलं चिकटली. मास्तर पडद्याआड बोट एका ओळीवर ठेवून उभे होते. उमाबाईंच्या अक्षरातलं दुकानदाराचं शेवटचं वाक्य होतं ते, 'पुन्हा या, वाट बघते.' ते म्हणायचं राहून गेलं.