बिणी नसलेलं तळं

कातळवेढ्याचं हे तळं भर वैशाखातही तुडुंब असतं आणि तळचा खडा न् खडा दिसतो. पण काठावर हिरवं पातं नाही. बेडूक नाही, शेवाळ नाही, गुरं तोंड लावत नाहीत. मघाशी तुमच्यापैकी कोणीतरी हसत म्हणालं, "काहीतरी शापबिप असेल." माफ करा, मी जरा तडकलो. पण इथे शाप म्हणा, नाहीतर सरळ खोटं म्हणा. शापबिप म्हणू नका. या गावाचं सगळं त्या 'बिप'मुळेच गेलं, असं सांगतात.

मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. हे पाणी तपासून पाहिलं, वेगळं काही सापडलं नाही. कदाचित मला तपासता आलं नसेल. म्हणून जे ऐकलं तेच सांगतो.

फार पूर्वी दावजी पाटलानं तळं खणायला दगडफोड्यांचा तांडा बोलावला. त्यांची म्होरकी येल्लव्वा. पाटील म्हणाला, "या कामाला. जेवणबिवण सगळं मिळेल."

येल्लव्वाची बोली वेगळी. तिनं विचारलं, "जेवण कळलं, पाटील. बिवण म्हणजे काय देणार?"

सगळा पार हसला, म्हणे. पाटीलही हसला. "अगं, बिवण काही वेगळं शिजत नाही! भाकरीचं बिकरी, पाण्याचं बिणी. शब्दाचं पहिलं अक्षर काढायचं, बि लावायचा. म्हणजे जेवण आणि त्याच्याबरोबर जे जे येतं ते. कालवण आलं, ताक आलं, बसायला सावली आली. एकेक नाव कोण घेत बसणार?"

"म्हणजे नाव न घेता सगळंच कबूल केलंत," येल्लव्वा म्हणाली.

"केलं, बाई!"

तांड्यानं कातळ फोडला. मिळाली ती कोरडी भाकरी. कालवण नाही, ताक नाही, सावली तर नाहीच. विचारलं की पाटील म्हणायचा, "मी काय नाव घेऊन कबूल केलं होतं?" हे सांगताना अजून माझा आवाज चढतो. ज्या शब्दानं हात मोकळा सोडायचा, त्याच शब्दाच्या आड माणूस लपला.

तळं भरलं तसा तांडा हाकलला. पुढच्या उन्हाळ्यात येल्लव्वा त्याच वाटेनं परतत होती. पाठीवर तिची लेक दुर्गी, तापानं फणफणलेली, ओठ फुटलेले. पाटील पाहुण्यांबरोबर काठावर बसला होता.

"पाटील, पोरीला घोटभर पाणी घेऊ द्या."

पाटलानं मानही वळवली नाही. "पाणीबिणी काही मिळायचं नाही इथं. चल, हो पुढं."

पाहुणे हसले. तोच शब्द, पण देताना जो दार सताड उघडतो, तो नाकारताना सगळ्या खिडक्यांसकट लावून घेतो. वर मागणाऱ्याला आणि मागितलेल्या वस्तूला कस्पटासारखं झटकतो.

येल्लव्वा रडली नाही. "नुसतं पाणी नाही म्हणाला असतात तर मी गेले असते," ती म्हणाली. "तुम्ही बिणीसुद्धा नाही म्हणालात. अर्थ तुम्हीच शिकवलात मला. पाणी मी खणलंय, ते राहील. पाण्याबरोबर जे जे येतं ते मी घेऊन चालले."

त्या क्षणी बेडूक गप्प झाले. बगळे उठले. काठचं गवत संध्याकाळपर्यंत करपलं. पाटील ओंजळ भरून पाणी प्याला. घसा ओला झाला, तहान तशीच. तो मेला तेव्हा त्याच्या उशाला भरलेली घागर होती, असं सांगतात. मला त्याची कीव येत नाही. यायला हवी का, ते ठरवता आलेलं नाही.

पण पोरगी वाचली. पाटलाची सून गोजराबाई परसातल्या झऱ्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन मागच्या दारानं धावली. सासरा ओरडला, "सूनबाई, मागं फिर!"

"फिरते, मामंजी. पोरगी प्यायली की," ती म्हणाली आणि दुर्गीचं डोकं मांडीवर घेऊन पदरानं वारा घालत बसली. डोळे उघडेपर्यंत उठली नाही.

येल्लव्वानं विचारलं, "नुसतं पाणी का नाही आणलंस?"

"नुसतं कसं देतात?" गोजराबाई म्हणाली.

"मग बिणी तुझ्या दारात राहील."

तो बघा, गोजराबाईच्या घरामागचा झरा. बोटाच्या जाडीची धार, पण भोवती अळू माजलंय, बेडकांचा गोंगाट ऐका.

आजही कातळवेढ्यात नकार द्यायचा तर त्याच एका वस्तूला देतात. चहा नाही म्हणतील, चहाबिहा नाही कधीच म्हणणार नाहीत. आणि हातात तांब्याशिवाय काही नसेल तर नुसतं "पाणी घ्या" म्हणतात. आता ती दारातली बाई परातीत तांब्या आणि गूळ घेऊन येतेय. बसा. ती "पाणीबिणी घ्या" म्हणाली की उगाच नको म्हणू नका.