बदामचा गुलाम

एका राज्यात एक राजा होता, आणि तो हळूहळू दगड होत होता.

याची सुरुवात लग्नाच्या मांडवातच झाली. अक्षता पडल्या आणि एक म्हातारा जादूगार पुढे आला. त्याने नव्या राणीच्या, उत्पलेच्या, हातात पत्त्यांचा एक जोड ठेवला.

"नवऱ्याच्या मनात कोण आहे, ते या पत्त्यांना विचार. तीनदा विचारता येईल. खरे वाचले जाईपर्यंत नवरा मुका राहील. खोटे वाचले तर दगड होईल."

राजाने तोंड उघडले. शब्द आला नाही.

पहिल्यांदा राजज्योतिषी बसला. राणीने पत्ते पिसले, डाव्या हाताने काटून तीन ढीग केले. प्रत्येक ढिगाचा वरचा पत्ता उलटला. भूतकाळात इस्पिकची राणी, वर्तमानात बदामचा गुलाम, भविष्यात चौकटचा एक्का. ज्योतिष्याने मधल्या पत्त्यावर बोट ठेवले. "गुलाम. कोणी चाकर तुमच्या संसारात आडवा आला आहे." राजाचा जुना चाकर चांगोजी याचे डोके उडवले गेले, आणि राजा गुडघ्यापर्यंत दगड झाला.

दुसऱ्यांदा तेच तीन पत्ते निघाले. आता दरबारातला शाहीर वाचायला बसला. त्याला स्वतःचे डोके प्रिय होते. तो म्हणाला, "एक्का म्हणजे अंगठी. महाराज आपलेच आहेत." राजा छातीपर्यंत दगड झाला.

तिसऱ्या वेळी कोणी येईना. अशी लग्नाला सात वर्षे झाली. शेवटी पत्ते रंगवणाऱ्या कारागिराची मुलगी केवडा आली. ती खाली मान घालून चालत होती. सिंहासनाच्या पाठीवर बसलेली साळुंकी म्हणाली, "दोन शहाणे येऊन गेले. आता ही पोर."

"शहाण्यांनी एकेकच पत्ता वाचला," केवडा हळूच म्हणाली.

"आणि तू?"

"शेजार वाचते. एकटा पत्ता अर्धेच बोलतो."

राणी समोर बसली. केवडाने जोडातून बदामची राणी काढून मध्ये ठेवली. "या तुम्ही, महाराणी. बदाम म्हणजे मन आणि घर. चौकट म्हणजे पैसा, पत्र, अंगठी. किलवर म्हणजे काम, सोबत, करार. इस्पिक म्हणजे दुःख आणि तुटणे. आता प्रश्न मनात धरून पिसा."

राणीने पिसले, काटले. तेच तीन पत्ते आले. केवडाने शेवटच्या ढिगाचा सर्वांत खालचा पत्ताही उलटला. किलवरची तिर्री.

केवडाने तिर्रीवरून हात मागे घेतला.

"बोल," राणी म्हणाली. "पण जपून. आता छातीच्या वर गळा आणि डोकेच उरले आहे."

"महाराणी, गुलाम म्हणजे चाकर नव्हे. नावावर जाऊ नये. गुलाम म्हणजे त्याच रंगाच्या राजाचे मन, इथे महाराजांचे. बदामच्या गुलामाचा एकच डोळा दिसतो, कारण त्याने तोंड वळवलेले असते. कोणाकडे, ते पाहायचे."

राणीने पाहिले. गुलाम डावीकडे, इस्पिकच्या राणीकडे पाहत होता.

"ती कोण?"

"इस्पिकची राणी म्हणजे विधवा."

"महाराज विधवेवर प्रेम करतात?"

"तळाला तिर्री आहे. किलवरची तिर्री म्हणजे दुसरे लग्न. तळाचा पत्ता प्रश्नाचे मूळ सांगतो." केवडाचा आवाज बारीक झाला. "तुमच्याशी झालेले हे महाराजांचे दुसरे लग्न आहे. पहिलीचा नवरा जिवंत आहे. त्याने तिला ओळख दिली नाही, म्हणून ती विधवा."

साळुंकी म्हणाली, "मांडवातला म्हातारा तिचा बाप होता. कोणी विचारले नाही, म्हणून मी सांगितले नाही."

राणीने राजाकडे पाहिले. छातीपर्यंत दगड झालेल्या राजाचे डोळे भरून आले होते. ते तिच्याकडे पाहत नव्हते.

"माझ्यासाठी काहीच नाही का?" तिने विचारले. "शाहीर म्हणाला, एक्का अंगठीचा."

केवडाला खोटे बोलता आले असते. तिने पत्त्याच्या कडेला बोट लावले. "अंगठीच आहे. पण पाठ फिरवलेल्या मनाच्या मागे अंगठी आली तर ती चढत नाही. उतरते."

राणीने अंगठी ओढली. सात वर्षांत बोट जाड झाले होते. कातडी सोलली, रक्त आले, मग अंगठी निघाली. ती तिने पत्त्यांवर ठेवली.

राजाची छाती हलली. मग गुडघे. तो उठला आणि म्हणाला, "तिचे नाव सावित्रा. मी तिला ओळखत नाही असे शपथेवर सांगितले होते."

"आता ओळखता, असे शपथेवर सांगा," राणी म्हणाली.

त्याने सांगितले. मग मुकुट काढून तो पायी नदीकडे निघाला, जिथे एक पांढऱ्या लुगड्यातली बाई राहत असे. तिने दार उघडले की नाही, ते या कथेत नाही.

पत्ते कोरे झाले होते. उत्पलेने बोटाला चिंधी बांधली, रिकाम्या सिंहासनावर बसली आणि सात वर्षे दाराशी ताटकळलेल्या पहिल्या फिर्यादीला आत बोलावले.