सासूच्या नावाची एक हाक

खिंड चढून सड्यावर, माथ्यावरच्या सपाटीवर, आलं की उजव्या हाताला, दरीच्या अगदी तोंडाशी, एक काळा सपाट कातळ लागतो. शेंदूर नाही, फूल नाही, पाटीही नाही. दम लागलेली शहरातली मंडळी हटकून त्याच्यावरच टेकतात. धनगरवाड्यातले जानू आजोबा त्यांना उठवत नाहीत. एवढंच सांगतात, "बसा, पाणी प्या. पर हितनं कुणाला नाव घिऊन हाक मारू नगा." मग कुणीतरी 'का' विचारतंच. आजोबांना ही गोष्ट सांगून सांगून कंटाळा आला आहे, तसं ते तोंडावर बोलूनही दाखवतात. पण तंबाखू मळायला घेतात, म्हणजे सांगणार हे नक्की.

पुष्कळ पिढ्यांमागं, म्हणे, या वाड्यात झिमाबाई नावाची म्हातारी होती. तिचा लेक कोंडू, सून बना. बनाची दोन मुलं पाठोपाठ गेली होती. पहिला मुलगा आठ महिन्यांचा होऊन गेला, दुसरा बारसं झाल्यावर महिनाभरात. दोघांनाही रीतीप्रमाणे घरातल्या गेलेल्या माणसांची नावं ठेवली होती, एकाला पणज्याचं, एकाला आज्याचं. तिसऱ्या खेपेला मुलगी झाली. तिची पाचवी पुजली, आणि त्यानंतर बनानं काही तिला मांडीवरून खाली ठेवलं नाही. बारशाचं नाव काढलं की ती भिंतीकडे तोंड करून बसायची.

वाघजाईच्या देवळातल्या भगताला कौल लावायला सांगितलं. तो म्हणाला, बोलावणं येतं ते नावानं येतं. गेलेल्यांची नावं त्या वाटेला पाठ झालेली असतात, तीच पुन्हा पुन्हा घेतली जातात. झिमाबाई शेणाचे हात पुसत तिथंच उभी होती.

"मग जित्या माणसाचं ठिवा," ती म्हणाली. "माझं ठिवा. बोलावणं आलं तर ओ म्या देईन."

लोकांनी कानांत बोटं घातली. जिवंत माणसाचं नाव नातवंडाला ठेवलं तर त्या माणसाचं आयुष्य तुटतं, अशी समजूत सगळीकडेच आहे. भगतानं मात्र कौल घेतला आणि तीन अटी घातल्या. एक, दोघींचं नाव तंतोतंत एकच राहिलं पाहिजे. थोरली-धाकटी म्हणायचं नाही, लाडाचं नाव पाडायचं नाही, कारण वेगळं नाव पडलं की पोरीला वेगळं बोलावणं येऊ शकतं. दोन, ते नाव कुणीही, कुठूनही, कुणालाही उद्देशून घेवो, पहिली ओ म्हातारीनंच द्यायची. पोरीनं तिच्यामागून. आणि तीन, बोलावणाऱ्याच्या हाका तीन. तिसरीला कुणीच ओ दिली नाही, तर तो आपण होऊन येतो आणि कोवळं बघून नेतो.

बाराव्या दिवशी पोरीला झोळीत घातलं. आत्यानं वाकून कानात कुर्रर्र केलं, बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले, आणि 'झिमा' हे नाव मोठ्यानं सांगितलं गेलं. कोपऱ्यातून झिमाबाई लगेच म्हणाली, "ओ." बायका हसल्या. घुगऱ्या वाटल्या. बना मात्र हसली नाही, कारण तिच्या तेवढ्यातच ध्यानात आलं की आपण आपल्या लेकीला कधीच नावानं हाक मारू शकणार नाही. सासूचं नाव सून तोंडानं घेत नाही. दुसऱ्या घरी अशा वेळी आई पोरीला सोनी म्हणते, बाळी म्हणते आणि वेळ निभावते. इथं तीही वाट बंद होती.

तेव्हा बनानं टाळी धरली. दोन टाळ्या म्हणजे ये, एक म्हणजे थांब. रागवायचं असलं की ती "ए पोरी"सुद्धा म्हणायची नाही, न जाणो तेच नाव होऊन बसायचं. ती सरळ जाऊन दंड धरायची. पोर पाळण्यातून रांगायला लागली, रांगतीची चालायला लागली, आणि घरातली हाक वाढत गेली. कोंडू आईला आईच म्हणायचा, त्यामुळे त्यानं 'झिमे' म्हटलं की ते पोरीलाच असणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तरी म्हातारी ओ द्यायचीच. "झिमे, वासरू सुटलंय." ओ. "झिमे, नाक पूस." ओ. एकदा कोंडू तावातावानं ओरडला, "झिमे, किती येळा सांगितलं दुधात बोट घालू नगंस म्हणून!" तर आतून आईची ओ आली आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुला न्हाई गं आई, पोरीला म्हणतुया."

"मला ठावं हाय," म्हातारी म्हणाली. "पर ज्यो ऐकतुया त्येला कुठं ठावं हाय?"

दिवसाला तीस-चाळीस हाका सहज व्हायच्या. तोंडात घास असला तरी ओ, अंगात ताप असला तरी ओ. शेजारपाजारची माणसं भली होती, ती नाव टाळायला बघायची. पण पोरगी म्हशींच्या मागं उतारावर जायला लागल्यावर टाळणार कशी? धनगराचं बोलणंच मुळी या टेकाडावरून त्या टेकाडावर असतं. मग म्हातारीनं आपलं घोंगडं उचललं आणि या कातळावर आणून टाकलं. वरचा वाडा आणि खालची दरी, दोन्हीकडची हाक इथं ऐकू येते. दिवस उगवला की ती इथं येऊन बसायची आणि गुरं परतली की घरी जायची.

हळूहळू तिला एक सवय जडली. बसल्या बसल्या डोळा लागायचा. म्हैस कानाशी रेकली तरी ती जागी व्हायची नाही, पोरं भांडली तरी नाही. बनानं "आत्ती, भाकर खावा" म्हणून चार वेळा विनवलं तरी नाही. पण दरीपल्याडून कुणी बारीक आवाजात 'झिमा' म्हटलं की पापणी न उघडताच ओ यायची. कान त्या एका शब्दासाठी राखून ठेवलेला होता, बाकी सगळं तिनं सोडून दिलं होतं.

अशी अकरा वर्षं गेली. म्हातारीचे पाय सुजले, आवाज घोगरा झाला. एका संध्याकाळी बना तिच्या पायांना तेल चोळत होती.

"आत्ती, दमला असाल," बना म्हणाली.

"लई दमले गं," म्हातारी म्हणाली. "दुखण्यानं न्हाई. परत्येक ओ देताना वाटतं, हीच आसंल. आन ती नसती. मग परत बसायचं."

 आपलं पोर जगावं म्हणून दुसऱ्या बाईनं रोज चाळीस वेळा मरायला तयार राहावं, याचे आभार मानायला बनापाशी काही नव्हतं. ती तेल चोळत राहिली.

तो दिवस चैत्रातला होता, भर दुपार. वाड्यातले बापये डोंगराच्या पलीकडच्या बाजाराला गेले होते. बना आणि पोरगी करवंदीच्या जाळीत, कातळापासून पन्नास-साठ पावलांवर. मध्ये सगळा काटा. दरीतून हाक आली.

"झिमाऽऽ!"

आवाज बाईचा नव्हता, बाप्याचाही नव्हता. बनाला या डोंगरातला एकूण एक गळा ओळखता यायचा, हा त्यांतला नव्हता. तिनं कातळाकडे पाहिलं. म्हातारीची हनुवटी छातीवर पडली होती. ओ आली नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा आली नाही.

पोरगी उभी राहिली. शिकवल्याप्रमाणे गप्प राहून आजीच्या ओ ची वाट बघू लागली.

दुसरी हाक आली. आधीपेक्षा जवळून.

"आय," पोरगी म्हणाली, "आजी ओ देईना. मी दिऊ?"

बनानं तिच्या तोंडावर हात दाबला. "आत्तीऽऽ!" ती ओरडली. "आत्तीऽ, उठा!" म्हातारी हलली नाही.  धावावं तर काट्यातून पोचेपर्यंत तिसरी हाक येणार, आणि तिला ओ गेली नाही तर काय होणार हे बनाला रोज उठून आठवत होतं. दरीतला परका गळा म्हातारीच्या कानाला पोचला नव्हता, पण घरच्या गळ्यातून कोणता शब्द पोचतो हेही तिला ठाऊक होतं. तो शब्द उच्चारणं म्हणजे काय, हेही कळत होतं. दोघींतली कोण जाणार ते तिनं सांगायचं, आणि तेही स्वतःच्या तोंडानं, सासूचं नाव घेऊन.

तिनं डोळे मिटले नाहीत, असं सांगतात. सासूकडे बघत ती ओरडली,

"झिमाऽऽ!"

म्हातारीनं मान वर केली. दरीकडे नाही, सुनेकडे बघितलं. त्याच क्षणी खालून तिसरी हाक आली. म्हातारी म्हणाली, "ओ." एकदाच म्हणाली. मग कातळावर आडवी झाली, पाय लांब केले, आणि बना काटे तुडवत पोचेपर्यंत संपलं होतं.

ती ओ नेमकी कुणाला दिली, यावर वाड्यात पुष्कळ बोलणं झालं. भगत म्हणाला, बोलावणाऱ्याला. बना मात्र मरेपर्यंत म्हणत राहिली, "माझ्या हाकंला दिली. माझ्याकडं बघून दिली."

दिवसकार्य झाल्यावर कोंडूनं पहिल्यांदा पोरीला हाक मारली. पोरगी दारात उभी होती, ऐकत होती, पण बोलेना. आधीच्या ओ ची वाट बघत होती. कोंडू तिथंच उंबऱ्यावर बसून रडला. जाणत्यांनी बनाला सांगितलं, आता सासू नाही, नाव एकदा घेतलंसही, आता लेकीला नावानं हाक मारायला हरकत नाही. बनाला ते जमलं नाही. लेक लग्न होऊन सासरी जाईपर्यंत ती टाळ्याच वाजवत राहिली.

पुढं बनाला मुलगा झाला, त्याला बायको आली, आणि त्यांनाही मुलगी झाली. सुनेच्या मनात आलं, पोरीला सासूचं नाव ठेवावं. घाबरत घाबरत तिनं विचारलं. बना म्हणाली, "ठिवा. घरात बनू म्हणा, बारकी म्हणा, काय बी म्हणा. मला थोरली म्हणा. तिला मारलेल्या हाकंला मी ओ देणार न्हाई आन ती माझ्या हाकंला देणार न्हाई, ह्ये आधीच ठरवून घ्या. म्हंजे म्हातारपणी कुणी दमणार न्हाई. पर बारशाआधी माझं येक काम कर." आणि सुनेला घेऊन ती या कातळावर आली, स्वतः खाली बसली आणि म्हणाली, "माझं नाव घिऊन हाक मार. म्या सासूचं पहिल्यांदा घेतलं ते आकांतात घेतलं. तू सुखात घे."

आजही या वाड्यात नातवंडाला जित्या आजी-आजोबांचं नाव ठेवतात. बारशाच्या सकाळी सासू किंवा सासरा इथं येऊन बसतो. सून समोर उभी राहते आणि आत्यानं कानात नाव सांगायच्या आधी त्यांना नावानं एक हाक मारते. ओ मिळाली की सगळी घरी जाऊन झोळी बांधतात. पुष्कळ जणींना नाव पटकन तोंडावर येत नाही. पदर तोंडाशी जातो, डोळे भरतात, दोनदा-तीनदा घसा खाकरतात. सासू बसून राहते. घाई करत नाही.