सगळ्याला एकवीसच

चूक म्हाताऱ्या गजबाची. फार मागे हत्तींच्या कळपात बरं-वाईट कळतं म्हणून बाराव्या वर्षापासून शिक्षा होई. पाय आणि नजर पक्की झाली की सोळाव्या वर्षी नदीत पुढे चालता येई. स्वतःचा विचार जमला की अठराव्या वर्षी म्होरक्या निवडता येई. लग्न मात्र एकविसाव्या वर्षी, घरच्यांना ठणकावून नाही म्हणता यावं म्हणून.

तरुणांची मतं विरोधात जाणार हे दिसताच म्होरक्या गजबाने सगळ्यालाच एकवीस लावलं.

“मग शिक्षेलाही एकवीसच ना, आजोबा?” अठरा वर्षांच्या रंभाने विचारलं.

“हो गं, नियम म्हणजे नियम!”

आठवड्यातच पंधरा वर्षांच्या भुत्याने मुद्दाम गजबाच्या डाव्या डोळ्यावर दगड मारला.

“हाकला याला कळपातून!” गजबा ओरडला.

“लहान आहे तो, आजोबा. तुम्हीच ठरवलंत,” रंभा म्हणाली.

गजबाचा डावा डोळा गेला.